कठीण तिमाहीनंतर कामगारांशी कसे बोलावे : छोट्या कारखानदारासाठी टप्प्याटप्प्याने

वीस-पंचवीस माणसांचा कारखाना चालवणाऱ्याला ताळेबंद वाचता येतो, ग्राहकाशी दराची घासाघीस करता येते आणि बँकेच्या व्यवस्थापकाला समजावताही येते. परंतु आपल्याच शॉपफ्लोअरवर उभे राहून 'गेले तीन महिने वाईट गेले' हे सांगायची वेळ आली की शब्द सापडत नाहीत. बहुतेक मालक हे बोलणे पुढे ढकलतात आणि तोवर कामगारांनी आपापला निष्कर्ष काढलेला असतो. ओव्हरटाइम बंद झाला, दोन मशिन झाकून ठेवली आणि कच्च्या मालाचे बार आणणारा टेम्पो आठवडाभर आला नाही, एवढे त्यांना पुरते. हे बोलणे मी केले आहे, इतर कारखानदारांना ते करायला मदतही केली आहे, आणि त्यातून जी पद्धत टिकली ती येथे मांडतो.

उदाहरण म्हणून भोसरी एमआयडीसीतील एक नमुना कारखाना घेऊ. त्यात सहा सीएनसी टर्निंग मशिन, दोन व्हीएमसी आणि २६ कामगार आहेत, आणि निम्म्याहून अधिक काम एका मोठ्या पुरवठादारासाठी छोट्या मोटारींना लागणारे बुश आणि पिन बनवण्याचे आहे. तिमाही जुलै ते सप्टेंबर २०२५ ची आहे. १५ ऑगस्ट रोजी जीएसटी कमी होणार असल्याची घोषणा झाली आणि छोट्या मोटारींवरील २८ टक्क्यांचा कर १८ टक्के होऊन नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. मधल्या पाच आठवड्यांत अनेक ग्राहकांनी गाडी घेणे पुढे ढकलले, डीलरकडे गाड्या उभ्या राहिल्या आणि त्याचा धक्का खाली सरकत सुट्या भागांच्या शेड्यूलपर्यंत आला. कारण खरे आहे, पण ते कामगाराला कसे सांगायचे हा प्रश्न वेगळा आहे. पुढील आकडे समजण्यासाठी सोपे करून घेतले आहेत.

जवळ काय हवे :

- मागच्या दोन तिमाहींची विक्री आणि खर्च, पूर्ण लाखांत, एका कागदावर
- येणी किती आणि किती दिवसांची, याची यादी
- पगारपत्रक, तसेच पीएफ आणि ईएसआयसी भरल्याची चलने
- मागील आर्थिक वर्षाच्या बोनसचा हिशेब
- ग्राहकाचे पुढील तीन महिन्यांचे शेड्यूल, आहे तसे
- एक मोठा फलक आणि मार्कर; प्रोजेक्टर नको

१. दिवस आणि वेळ ठरवा

हे बोलणे पगाराच्या दिवशी करू नये आणि पगार लांबल्यानंतर तर मुळीच करू नये. कायद्याने पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो, म्हणून आमच्या उदाहरणात सभा शनिवारी, ४ ऑक्टोबरला आहे. गुरुवारची साप्ताहिक सुटी आणि त्याच दिवशी आलेला दसरा होऊन गेला आहे, पगार तीन दिवसांवर आहे आणि दिवाळी अजून दोन आठवडे लांब आहे. वेळ शिफ्ट बदलाची घ्यावी, म्हणजे दोन्ही शिफ्टचे लोक एकाच वेळी ऐकतील. एका शिफ्टला सकाळी आणि दुसरीला संध्याकाळी सांगितले, तर संध्याकाळच्या लोकांपर्यंत तुमच्या आधी दुपारची आवृत्ती पोहोचते.

ठेकेदाराकडील माणसे आणि शिकाऊ मुले यांनाही बोलवा. त्यांना बाहेर ठेवले तर पहिली कपात आपलीच, असे ते धरून चालतात आणि चांगला माणूस शेजारच्या गाळ्यात जातो. मशिन बंद ठेवून वीस मिनिटे द्या आणि ती वीस मिनिटे कामाच्या वेळेत मोजा.

२. तीन आकडे निवडा आणि बाकीचे खिशात ठेवा

मालकाची पहिली ओढ असते ती सगळा हिशेब उलगडून दाखवण्याची. ती टाळावी. ऐकणाऱ्याला तीन आकडे लक्षात राहतात, आणि ते असे निवडावेत की त्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टींशी त्यांचा मेळ बसेल.

आमच्या उदाहरणात पहिला आकडा विक्रीचा आहे. एप्रिल ते जून या काळात ९६ लाखांचा माल गेला आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये ७४ लाखांचा. दुसरा आकडा उरलेल्या पैशाचा. पहिल्या तिमाहीत बार आणि इतर कच्च्या मालाला ४६ लाख, पगाराला १८, वीज, टूल, प्लेटिंग आणि वाहतुकीला १५ आणि बँकेच्या हप्त्यांना १२ लाख गेल्यावर ५ लाख उरले. दुसऱ्या तिमाहीत त्याच चार खात्यांवर ३६, १७, १२ आणि १२ असे ७७ लाख गेले, म्हणजे ३ लाख कमी पडले. माल घटला तसा बारचा खर्च घटला, पण बँकेचा हप्ता एक रुपयाने कमी झाला नाही, हे या तुलनेत आपोआप दिसते.

तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा आणि बहुतेकदा तोच सांगायचा राहून जातो. तो आहे अडकलेल्या पैशाचा. ४१ लाख येणे आहे आणि त्यातले १९ लाख ४५ दिवसांपेक्षा जुने आहे. कामगाराने टेम्पो भरून दिलेला असतो, त्यामुळे 'माल तर गेला, मग पैसे कुठे गेले' ही शंका त्याच्या मनात असतेच. बिल फाडले की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरावा लागतो, मग ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. शिवाय बहुतेक बँका ९० दिवसांहून जुनी येणी कॅश क्रेडिटच्या, म्हणजे सीसीच्या, मर्यादेसाठी धरत नाहीत, म्हणजे ग्राहकाने उशीर केला की त्याचे पैसेही येत नाहीत आणि बँकेतून उचलता येणारी रक्कमही घटते. ही साखळी फलकावर बाण काढून दाखवली तर दोन मिनिटांत समजते.

रिजेक्शनचा आकडा सांगायचा की नाही, यावर मतभेद आहेत. माझे मत असे, की तो कारणांच्या यादीत न घालता योजनेत घालावा. नुकसानीच्या कारणांत रिजेक्शन आले की समोरच्या माणसाला आपल्यावर ठपका ठेवला असे वाटते, आणि त्यानंतरचे तो काही ऐकत नाही.

३. पगार, पीएफ आणि बोनस यांचा निर्णय सभेआधी घ्या

सभेला आलेल्या प्रत्येकाला आधी हेच ऐकायचे असते. याचे उत्तर हातात नसेल तर सभा दोन दिवस पुढे ढकला, पण 'बघू' म्हणायला उभे राहू नका.

बोनसबाबत एक घोळ फार आढळतो. दिवाळीला दिला जाणारा बोनस हा संपलेल्या आर्थिक वर्षाचा असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये देय असलेला बोनस एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ चा आहे आणि वाईट गेलेली तिमाही त्या वर्षात मोडतच नाही. त्यामुळे 'ही तिमाही वाईट गेली म्हणून यंदा बोनस कमी' हे वाक्य हिशेबानेही चूक आहे. शिवाय बोनस कायद्याखाली येणाऱ्या कारखान्याला पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के बोनस नफा असो वा तोटा, द्यावाच लागतो. कायद्याने त्यासाठी वर्ष संपल्यापासून आठ महिने, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत मिळते, पण दिवाळीनंतर मिळालेल्या बोनसला आपल्याकडे कोणी बोनस मानत नाही. आमच्या कारखान्यात ही रक्कम सुमारे साडेतीन लाख होते.

आता पुढील तीन महिन्यांचा रोख हिशेब मांडा. येणाऱ्या पैशांत फक्त वेळेवर देणाऱ्या ग्राहकांची रक्कम धरा. अडकलेले १९ लाख शून्य समजा. असे धरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ६६ लाख येतील. पगार १७, बोनस साडेतीन, हप्ते १२ आणि माल, वीज वगैरे ४० असे साडेबाहत्तर लाख जातील. तूट साडेसहा लाखांची आहे. बँकेत ४ लाख आहेत आणि सीसीत ७ लाख उचलायचे शिल्लक आहेत, म्हणून सगळे धरून साडेचार लाखांची गादी, म्हणजे अडीअडचणीची रक्कम, उरते. यावरून डिसेंबरअखेरपर्यंत कोणालाही कमी करणार नाही, हे वचन देता येते. मार्चपर्यंतचे देता येत नाही. आपल्या हिशेबात गादी उरत नसेल तर वचन नोव्हेंबरच्या पगारापर्यंतच द्या. लहान वचन पाळलेले चालते.

शिफ्टच्या वेळा बदलायच्या असतील किंवा दुसरी शिफ्ट बंद करायची असेल, तर ते सभेत जाहीर करून दुसऱ्या दिवसापासून अमलात आणता येत नाही. सेवाशर्तींतील अशा बदलासाठी साधारणपणे २१ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. 'ले-ऑफ' हा शब्दही सहज वापरू नका. तो कायद्याचा शब्द आहे आणि कामगारांच्या संख्येनुसार त्याचे नियम बदलतात. आपल्या कामगार सल्लागाराला मसुदा दाखवूनच असे काही बोला.

४. फोरमन आणि सुपरवायझर यांना आधी सांगा

फक्त तासभर आधी सांगा. आदल्या दिवशी नको. सभा संपल्यावर खरे प्रश्न त्यांनाच विचारले जाणार असतात आणि 'मलाही आत्ताच कळले' असे त्यांनी म्हटले तर तुमच्या बोलण्याचे वजन जाते. त्यांच्याकडून दोन गोष्टी विचारून घ्या. सध्या कोणती अफवा फिरते आहे आणि कोणाच्या घरी अडचण आहे. दुरुस्तीला गेलेले मशिन विकले गेले, ही अफवा छोट्या कारखान्यांत हमखास असते. असे काही निघाले तर त्याचे उत्तर भाषणात घाला.

५. भाषण : क्रम आणि नमुना

क्रम असा ठेवा की आधी पगार, मग झाले काय, मग योजना आणि शेवटी पुढच्या भेटीची तारीख. कारणांपासून सुरुवात केली तर पहिली पाच मिनिटे लोक फक्त 'आता कपात सांगणार' याची वाट पाहत बसतात. भाषण सात-आठ मिनिटांचे असावे. कागद हातात ठेवावा, आकडे बघून सांगावेत आणि बाकीचे तोंडाने बोलावे. आमच्या उदाहरणातील मालकाचे भाषण असे होईल :

> मंडळी, मशिन बंद करून सगळ्यांना एकत्र बोलावले आहे, म्हणजे काहीतरी महत्त्वाचे असणार हे तुमच्या लक्षात आलेच असेल. आधी तुमच्या मनातले सांगतो. सप्टेंबरचा पगार मंगळवारी, ७ तारखेला, पूर्ण जमा होईल. ऑगस्टपर्यंतचा पीएफ भरलेला आहे, त्याची चलने या फलकावर लावली आहेत. बोनस दिवाळीआधी, १६ तारखेपर्यंत मिळेल. तो मागच्या वर्षाचा आहे आणि त्या वर्षी तुम्ही केलेल्या कामाचा आहे. डिसेंबरअखेरपर्यंत इथल्या एकाही माणसाला कमी केले जाणार नाही.
>
> आता काय झाले ते. एप्रिल ते जूनमध्ये आपला ९६ लाखांचा माल गेला. जुलै ते सप्टेंबरमध्ये ७४ लाखांचा गेला. ऑगस्टच्या मध्यावर मोटारींवरचा कर कमी होणार असे जाहीर झाले आणि लोक स्वस्त गाडीसाठी थांबले. गाडी विकली गेली नाही, म्हणून आपल्या बुशचे शेड्यूल कमी आले. तीन नंबर आणि पाच नंबरचे मशिन उभे राहिले ते यामुळे. सहा नंबरचे मशिन स्पिंडलच्या कामासाठी गेले आहे. ते विकलेले नाही आणि या महिन्यात परत येईल.
>
> जूनपर्यंतच्या तीन महिन्यांत सगळा खर्च जाऊन ५ लाख उरले होते. या तीन महिन्यांत ३ लाख कमी पडले. तुम्ही म्हणाल, माल तर रोज जात होता. बरोबर आहे. पण गेलेल्या मालाचे ४१ लाख अजून यायचे आहेत आणि त्यातले १९ लाख दीड महिन्यापेक्षा जुने आहेत. तो पैसा बुडालेला नाही, अडकलेला आहे.
>
> पुढे काय करायचे ते सांगतो. ओव्हरटाइम डिसेंबरपर्यंत बंद राहील. त्यामुळे तुमच्यातल्या काहींच्या हातात महिन्याला कमी पैसे येतील, हे मला माहीत आहे आणि हे सांगताना मला वाईट वाटते. मी स्वतः कारखान्यातून घेतो ती रक्कम याच महिन्यापासून निम्मी केली आहे. अडकलेल्या पैशासाठी मी दर मंगळवारी ग्राहकाकडे स्वतः जाणार आहे. पंपाच्या शाफ्टचा नमुना आपल्याला मिळाला आहे. २०० नगांचा पहिला लॉट १५ नोव्हेंबरपर्यंत द्यायचा आहे. तो पास झाला तर नियमित काम मिळण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणतो आहे, कारण ऑर्डर अजून हातात नाही.
>
> तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. बुशच्या नव्या बारवर इन्सर्ट लवकर झिजतो आहे आणि बोअरचे फिनिश बिघडते आहे. शंभरात एक नग परत यायचा, तिथे आता तीन येत आहेत. सोमवारपासून ठरलेल्या नगांनंतर इन्सर्ट बदलायचाच, तो चांगला दिसला तरी. त्यासाठी लागणारे इन्सर्ट आणून ठेवले आहेत, ते मागताना कोणी अडवणार नाही.
>
> शनिवारी, १ नोव्हेंबरला, याच वेळी पुन्हा भेटू आणि हेच तीन आकडे पुन्हा सांगेन, चांगले असोत वा वाईट. आता विचारा.

या भाषणात काही वाक्ये मुद्दाम नाहीत. 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असे म्हणू नये, कारण ओव्हरटाइम बंद करताना ते खोटे ऐकू येते. 'मी रात्र-रात्र झोपलो नाही' हेही नको. समोरच्यालाही झोप नसते आणि त्याच्या घरभाड्याची तारीख ठरलेली असते. 'तुम्ही आणखी मेहनत करा' हे तर अजिबात नको. शेड्यूलच कमी असताना जास्त मेहनतीने जास्त बुश विकले जात नाहीत, आणि मशिनवर उभा असलेला माणूस हे मालकापेक्षा चांगले जाणतो. त्याच्या हातात असलेली एकच नेमकी गोष्ट मागावी आणि ती करण्यासाठी लागणारे साहित्य आधीच आणून ठेवावे.

भोसरीत मराठवाड्यातल्या मुलांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातले लोकही काम करतात. पगार, बोनस आणि डिसेंबरपर्यंतचे वचन ही तीन वाक्ये हिंदीतही स्वतः सांगा. भाषांतर दुसऱ्यावर सोडू नका, कारण अर्थ तिथेच बदलतो.

६. प्रश्नांना उत्तरे

पहिला प्रश्न यायला वेळ लागतो, तेव्हा अर्धा मिनिट शांत उभे राहा. कोणीच बोलले नाही म्हणजे सगळे पटले, असे समजू नका. फोरमनकडून आलेला प्रश्न नाव न सांगता तुम्हीच मांडला की बाकीचे बोलू लागतात.

'साहेब, जानेवारीत काय?' हा प्रश्न येणारच. त्याचे खरे उत्तर असे : 'जानेवारीचे आज मला सांगता येत नाही. ते पंपाच्या लॉटवर आणि अडकलेल्या पैशावर अवलंबून आहे. डिसेंबरच्या सभेत, महिना संपायच्या आधी, सांगेन.' उत्तर अपुरे वाटते, पण त्यात तारीख आहे.

'ग्राहक पैसे देत नाही तर त्याच्यावर केस का करत नाही?' या प्रश्नाची तयारी ठेवा. कायदा आपल्या बाजूने आहे. सन २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. पण निम्मे काम देणाऱ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार हा शेवटचा मार्ग असतो. म्हणून 'कोर्टात खेचतो' असे लोकांसमोर बोलू नका. त्याआधी ग्राहकाच्या लेखा विभागाला सांगा, की आमची उद्यम नोंदणी आहे आणि आमचे देणे ४५ दिवसांपुढे गेले तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च तुम्हाला आयकरात धरता येत नाही. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स मंचावर नोंदणी बंधनकारक आहे. तेथे ग्राहकाने बिल मान्य केले की बँक व्याज कापून पैसे लवकर देते. कामगारांना एवढेच सांगा, की बिले लवकर मोकळी करण्याचा मार्ग आहे आणि त्यासाठी ग्राहकाची मान्यता मागितली आहे.

एखाद्याने उचल मागितली तर सभेत हो किंवा नाही म्हणू नका. 'दुपारी ऑफिसात ये' म्हणा आणि त्या दुपारी खरोखर वेळ द्या. ओव्हरटाइमवर ज्यांचा हप्ता चालतो अशी दोन-तीन माणसे प्रत्येक कारखान्यात असतात. त्यांच्यासाठी लहान उचल ठेवायची असेल, तर ती साडेचार लाखांच्या गादीतूनच जाणार, हे आधी हिशेबात धरा.

७. फलक आणि पुढची सभा

सभा संपल्यावर लगेच एक पान फलकावर लावा. त्यावर पगाराची आणि बोनसची तारीख, तीन आकडे, योजनेतील चार कामे, प्रत्येकापुढे जबाबदार माणूस आणि मुदत एवढेच असावे. पानावर आणि भाषणात एकाही आकड्याचा फरक नको. अडकलेली रक्कम लिहा, ग्राहकाचे नाव लिहू नका. पानाचा फोटो त्याच संध्याकाळी गाळ्याबाहेर जातो.

बोलणे पोहोचले की नाही हे पुढच्या दहा दिवसांत कळते. हजेरी नेहमीसारखी राहिली, इन्सर्ट बदलल्याच्या नोंदी भरल्या जाऊ लागल्या आणि लोक फोरमनला पंपाच्या लॉटबद्दल विचारू लागले, तर पोहोचले. तीन-चार जणांनी एकदम अनुभवाचा दाखला किंवा पगाराच्या जुन्या स्लिपा मागितल्या, तर ते दुसरीकडे मुलाखतीला जात आहेत. अशा वेळी दुसरी मोठी सभा न घेता त्या माणसांशी एकेकटे बोला.

१ नोव्हेंबरची सभा दहा मिनिटांची असेल. १९ लाखांतले किती आले हे पहिल्या वाक्यात सांगा. काहीच आले नसेल तर तेही त्याच जागी सांगा आणि त्यामुळे योजनेतली कोणती तारीख पुढे गेली, ते फलकावर जुनी तारीख न पुसता शेजारी लिहा.